बँक गॅरंटी खरी की खोटी? शाखेकडून खातरजमा करण्याची नेमकी पद्धत

मध्य प्रदेश जल निगमाने २०२३ साली तीन सिंचन प्रकल्पांची मिळून ९७४ कोटी रुपयांची कामं इंदूरच्या एका कंपनीला दिली. कामांच्या बदल्यात कंपनीने आठ बँक गॅरंट्या जमा केल्या. त्यांची एकूण रक्कम होती १८३ कोटी २१ लाख. निगमाने या गॅरंट्या डोळे झाकून घेतल्या नव्हत्या. पंजाब नॅशनल बँकेकडे विचारणा झाली आणि बँकेच्या अधिकृत डोमेनवरून आल्यासारखे दिसणारे ईमेलही आले, की गॅरंट्या खऱ्या आहेत. त्या भरवशावर कामं दिली गेली. नंतर उघड झालं की गॅरंट्या बनावट होत्या आणि त्या खऱ्या असल्याचं सांगणारे ईमेलही बनावट होते. हायकोर्टाच्या आदेशानंतर सीबीआयने मे २०२५ मध्ये गुन्हे नोंदवले आणि जूनमध्ये कोलकात्यातून दोघांना अटक केली. त्यातला एक त्याच बँकेचा सीनियर मॅनेजर होता.

म्हणजे तिथं खातरजमा झाली होती. उत्तर देणारा कोण आहे, याची मात्र खातरजमा झाली नव्हती. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या नगरपालिका, ग्रामपंचायती, शिक्षणसंस्था, साखर कारखाने आणि ट्रस्ट यांच्या टेंडरांत रक्कम कोटींऐवजी लाखांत असते, पण फसण्याची जागा हीच असते. त्यात सीमाभागाची आणखी एक अडचण. काम कर्नाटकात, ठेकेदार कागल-इचलकरंजीकडचा आणि गॅरंटी देणारी शाखा महाराष्ट्रात, किंवा याच्या बरोबर उलट. शाखेतला साहेब ओळखीचा नसतो. मग ठेकेदारच म्हणतो, "मी आणून देतो की शाखेचं पत्र, तुम्ही कशाला त्रास घेता?" सगळा घोटाळा या एका वाक्यातून सुरू होऊ शकतो.

दोन कागद, दोन वेगळ्या गोष्टी

टेंडरात बँकेचे दोन कागद मागितले जातात आणि पुष्कळ जण त्यांची गल्लत करतात.

पहिला म्हणजे सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, आपल्याकडचा ऐपतीचा दाखला. हा तहसीलदार मालमत्तेवरून देतो, तसाच बँक खात्याच्या व्यवहारावरून देते. टेंडरात बहुधा बँकेचा मागतात. केंद्रीय बांधकाम खात्याच्या टेंडरात या दाखल्याचा ठरलेला मसुदा असतो. आमच्या माहितीप्रमाणे हे ग्राहक अमुक रकमेपर्यंतच्या व्यवहाराला योग्य समजता येतील, असं बँक त्यात म्हणते आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगते की हा दाखला बँकेवर किंवा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही हमी वा जबाबदारी न घेता दिला आहे. म्हणजे दाखला ५० लाखांचा असला तरी ठेकेदार पळून गेल्यावर बँक त्यातला एक रुपयाही देणार नाही. तो फक्त मत आहे. पण ते मत तरी खरंच बँकेचं असायला हवं, एवढ्यासाठी तो तपासायचा.

दुसरा कागद बँक गॅरंटी. ही मात्र करार असते, आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे. ठेकेदाराने अट मोडली तर गॅरंटीत लिहिलेली रक्कम बँक टेंडर काढणाऱ्याला देते. ईएमडी म्हणजे बयाणा अनामत आणि परफॉर्मन्स सिक्युरिटी म्हणजे कामाची सुरक्षा अनामत, या दोन्हींसाठी रोख रकमेऐवजी ती चालते. ती बनावट निघाली, तर अनामत घेतलीच नाही असा त्याचा अर्थ होतो. हे कळतं बहुतेक वेळा काम अर्धवट पडल्यावर, गॅरंटी वटवायला बँकेत गेल्यावर.

स्टॅम्प पेपरवर आहे, शिक्का आहे, दोन सह्या आहेत, म्हणून कागद खरा, असं बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. देशभर गाजलेल्या बनावट मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी खानापूरचाच. आता ई-स्टॅम्पचा क्रमांक संकेतस्थळावर टाकून तपासता येतो आणि तो जरूर तपासावा. पण त्यातून मुद्रांक खरा असल्याचं कळतं, गॅरंटी खरी असल्याचं नाही. खऱ्या ई-स्टॅम्पवर खोटी गॅरंटी टाइप करायला काहीच अडचण नसते.

नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेच्या गॅरंटीविषयीच्या मास्टर परिपत्रकात बनावट गॅरंट्या रोखण्यासाठी तीन साध्या सूचना होत्या. गॅरंटी अनुक्रमांक असलेल्या सुरक्षित फॉर्मवर द्यावी. ५० हजार रुपये आणि त्यावरच्या गॅरंटीवर दोन अधिकाऱ्यांच्या एकत्रित सह्या असाव्यात. आणि गॅरंटी पाठवताना बँकेने ती घेणाऱ्याला सावध करावं, की आपल्याच हितासाठी तिच्या खरेपणाची खात्री देणाऱ्या बँकेकडून करून घ्या. याचा अर्थ, शाखेला विचारणं म्हणजे ठेकेदारावर अविश्वास दाखवणं नव्हे. बँकेलाही तेच अपेक्षित आहे.

केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या अखेरीस काढलेलं परिपत्रक अजून नेमकं आहे. मूळ गॅरंटी बँकेने थेट टेंडर काढणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. अपवाद म्हणून ती ठेकेदाराच्या हातून आली, तर शाखेकडून तिची मुद्रांक नसलेली दुसरी प्रत थेट मागवावी आणि मूळ गॅरंटीशी ताडून पाहावी. याशिवाय गॅरंटीची स्वतंत्रपणे पडताळणी करावी. (१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. तेव्हा आता स्पीड पोस्ट.) हे परिपत्रक केंद्राच्या संस्थांसाठी असलं तरी गावच्या शिक्षणसंस्थेला तीच पद्धत वापरायला कोणाची बंदी नाही.

बँकेकडून बँकेकडे जाणारा निरोप

आजच्या घडीला सगळ्यात भरवशाचा मार्ग एसएफएमएसचा आहे. देशातल्या बँका आपसात ज्या सुरक्षित जाळ्यावरून निरोप पाठवतात, ते हे जाळं. बाहेरच्या माणसाला त्यात शिरकाव नसतो. गॅरंटी दिली की देणारी शाखा त्याचा निरोप टेंडर काढणाऱ्याच्या बँकेच्या शाखेला पाठवते. नव्या गॅरंटीच्या निरोपाचा प्रकार `IFN 760COV` आणि गॅरंटीत बदल किंवा मुदतवाढ झाली तर `IFN 767COV`.

हे होण्यासाठी टेंडर काढतानाच एक गोष्ट करावी लागते. आपल्या खात्याच्या शाखेचं नाव आणि आयएफएससी कोड टेंडरच्या अटींत छापायचा आणि लिहायचं, की गॅरंटीचा एसएफएमएस निरोप या शाखेला आल्याशिवाय गॅरंटी स्वीकारली जाणार नाही. कोड दिला नसेल तर देणाऱ्या शाखेला निरोप कुठं पाठवायचा हेच कळत नाही. मग सगळा भार पत्र आणि फोनवर येतो.

निरोप आला का, हे आपण आपल्या शाखेत विचारायचं. ठेकेदार पुष्कळदा गॅरंटीसोबत `760COV` लिहिलेला एक छापील कागद जोडून देतो. तो कागद म्हणजे निरोप गेल्याचा त्याचा दावा. निरोप पोचल्याचा पुरावा आपल्याच बँकेतून मिळतो, तिच्या शिक्क्यासह घेतलेल्या प्रिंटवर. या दोन कागदांतला फरक टेबलावरच्या क्लार्कला समजला, तरी बरंचसं काम झालं.

मोठ्या बँकांत आता ई-बँक गॅरंटीही निघते. नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीच्या यंत्रणेवर ती तयार होते, ई-स्टॅम्प आणि ई-सही तिथंच होते, आणि जिच्या नावे गॅरंटी आहे ती संस्था स्वतः लॉगिन करून ती पाहते. सप्टेंबर २०२२ मध्ये एचडीएफसी बँकेने अशी पहिली गॅरंटी दिली. इथंही नियम तोच. ठेकेदाराने आणलेली पीडीएफ पाहायची नाही, आपल्या लॉगिनवर दिसते का ते पाहायचं.

एक प्रकरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, निपाणी भागातल्या एका शिक्षणसंस्थेने सभागृहाच्या बांधकामाचं १ कोटी २० लाखांचं टेंडर काढलं. इचलकरंजीच्या ठेकेदाराचा दर सगळ्यात कमी आला. अटीप्रमाणे पाच टक्के, म्हणजे ६ लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी त्याने द्यायची आहे. काम १ जुलै २०२६ ला सुरू होऊन ३० जून २०२७ ला संपणार. त्यानंतर एक वर्ष दोष दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदाराची, म्हणजे ३० जून २०२८ पर्यंत. केंद्राच्या वित्तीय नियमांप्रमाणे परफॉर्मन्स सिक्युरिटी सगळी जबाबदारी संपल्यावरही ६० दिवस जिवंत असावी लागते. संस्थेने तोच हिशोब धरला तर गॅरंटी किमान २९ ऑगस्ट २०२८ पर्यंतची हवी.

ठेकेदार एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या इचलकरंजी शाखेची गॅरंटी स्वतः घेऊन आला. क्लार्कने कागद घेतला, पण पावतीवर लिहिलं, "तपासणीच्या अधीन राहून मिळाली." हे चार शब्द महत्त्वाचे, कारण तपासणी होईपर्यंत वर्कऑर्डर द्यायची नाही हे त्यात येतं.

मग शाखेचा पत्ता शोधायचा. लेटरहेडवर फोन आणि ईमेल छापलेला असतो, तो वापरायचा नाही. कागद बनावट असेल तर फोन नंबरही त्याच माणसाने छापलेला असणार आणि पलीकडून "होय, आमचीच गॅरंटी आहे" हे गोड आवाजात ऐकायला मिळणार. शाखेची माहिती बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या आयएफएससी यादीतून काढायची. यात एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या डोमेनवर जायला सांगितलं होतं आणि हे डोमेन फक्त बँकांनाच मिळतं. बँकेचं संकेतस्थळ म्हणून उघडलेल्या पानाचा पत्ता असा संपत नसेल, तर तिथला नंबर घेण्याआधी थांबावं.

डोमेनकडे किती बारकाईने पाहावं लागतं, याचा दाखला सौर ऊर्जा महामंडळाच्या, म्हणजे सेकीच्या टेंडरात मिळाला. २०२४ मध्ये एका वीज कंपनीच्या उपकंपनीने ६८ कोटी २० लाखांची गॅरंटी दिली होती, ती परदेशी बँकेच्या मनिला शाखेची. तपासात आढळलं की तिथं त्या बँकेची शाखाच नाही. गॅरंटीला दुजोरा देणारा ईमेल भारतीय स्टेट बँकेचा म्हणून आला होता. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे तो आला होता `s-bi.co.in` वरून. खरा पत्ता होता `sbi.co.in`. एका आडव्या रेघेचा फरक. कंपनीने आपणच मध्यस्थाकडून फसवलो गेलो असं सांगितलं आणि गुन्हा नोंद झाला तो भुवनेश्वरच्या एका मध्यस्थ कंपनीवरही.

आता निपाणीच्या प्रकरणाकडे परत. संस्थेने शाखेला पत्र लिहिलं, गॅरंटीची झेरॉक्स जोडली, स्पीड पोस्टाने पाठवलं आणि बँकेच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या ईमेलवरही टाकलं. राज्य बदलत असेल तर पत्र इंग्रजीत लिहिणं बरं. कन्नड लेटरहेडवरचं कन्नड पत्र इचलकरंजीत आणि मराठी पत्र धारवाडकडच्या शाखेत टेबलावर पडून राहतं, हा नेहमीचा अनुभव आहे. पत्राचा मजकूर असा असावा:

> आपल्या शाखेने आमच्या संस्थेच्या नावे दिलेली म्हणून सोबतची गॅरंटी आम्हाला ठेकेदारामार्फत मिळाली आहे. गॅरंटीचा क्रमांक व तारीख वर दिली आहे. आपल्या नोंदीवरून पुढील बाबी आपण स्वतः लिहून कळवाव्यात: गॅरंटी कोणाच्या विनंतीवरून दिली, कोणाच्या नावे दिली, रक्कम किती, मुदत कोणत्या तारखेपर्यंत, मागणी सादर करण्याची शेवटची तारीख कोणती, सह्या करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांची नावे व क्रमांक, आणि एसएफएमएस निरोप कोणत्या तारखेला कोणत्या शाखेला पाठवला. मुद्रांक नसलेली दुसरी प्रत शाखेच्या शिक्क्यासह थेट आमच्या पत्त्यावर पाठवावी. उत्तर ठेकेदाराच्या हाती देऊ नये.

यात रक्कम आणि मुदत मुद्दाम लिहिलेली नाही, ती शाखेनेच लिहायची आहे. कारण सगळ्या बनावट गॅरंट्या शून्यातून तयार होत नाहीत. काही वेळा गॅरंटी खरी असते, पण ६० हजारांची, आणि तिचे ६ लाख केलेले असतात. किंवा खरी गॅरंटी दुसऱ्याच संस्थेच्या नावे असते आणि नाव बदललेलं असतं. "अमुक क्रमांकाची गॅरंटी तुम्ही दिली आहे का?" एवढंच विचारलं, तर शाखा प्रामाणिकपणे "होय" म्हणेल आणि फसवणूक तशीच राहील.

पत्र पोचेपर्यंत संस्थेचा लेखनिक स्वतः शाखेत गेला. निपाणीहून इचलकरंजी म्हणजे सकाळी निघून जेवणाच्या वेळेला परत येण्याएवढं अंतर. ठेकेदाराची गाडी त्याने घेतली नाही आणि ठेकेदाराला बरोबरही नेलं नाही. शाखेत गेल्यावर काउंटरवर थांबायचं नाही, मॅनेजरला भेटायचं. गॅरंटीची नोंद बँकेच्या संगणकावर असते आणि शाखेच्या गॅरंटी रजिस्टरलाही असते. लेखनिकाने संस्थेचं ओळखपत्र आणि पत्र दाखवलं, मॅनेजरने नोंद पाहून जावक क्रमांकासह उत्तर दिलं. याच वेळी संस्थेच्या निपाणीतल्या बँक शाखेत एसएफएमएसचा निरोप आल्याची प्रिंट मिळाली. तिन्ही ठिकाणची रक्कम, नाव आणि तारीख एकच निघाली.

पण त्या उत्तरातून एक अडचण समोर आली. गॅरंटी अस्सल होती, मुदत मात्र ३० जून २०२७ पर्यंतचीच. म्हणजे काम संपण्याच्या दिवशीच ती संपणार आणि दोष दुरुस्तीचं पूर्ण वर्ष उघडं पडणार. यात बनावट काही नाही. ठेकेदाराने बँकेचं कमिशन वाचवलं, एवढंच. शाखेची खातरजमा झाली म्हणजे गॅरंटी स्वीकारण्यालायक झाली असं होत नाही. संस्थेने मुदतवाढ मागितली, शाखेने बदलाचं पत्र दिलं आणि त्याचा `IFN 767COV` निरोप निपाणीत आल्यावरच वर्कऑर्डर निघाली.

मुदतवाढीच्या पत्रालाही तीच तपासणी लागते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिली गॅरंटी काटेकोर तपासतात, फाइलला लावतात आणि वर्षभराने ठेकेदाराने आणून दिलेलं एक पानी मुदतवाढीचं पत्र तसंच टाचून ठेवतात. ते पत्र खोटं असेल तर मूळची खरी गॅरंटी संपलेली असते आणि हातात काहीच उरत नाही.

ऐपतीच्या दाखल्याची तपासणी

इथं एसएफएमएसचा आधार नसतो, कारण दाखला म्हणजे शाखेचं एक पत्र. म्हणून पत्र, फोन आणि भेट एवढेच मार्ग. शाखेला विचारायचं ते एवढंच की अमुक जावक क्रमांकाचा, अमुक तारखेचा, अमुक रकमेपर्यंतचा दाखला दिला आहे का आणि तो कोणत्या कामासाठी दिला आहे. शेवटचा प्रश्न का? कारण एका टेंडरासाठी घेतलेला दाखला तारीख बदलून पुढच्या चार टेंडरांत फिरवला जातो.

ग्राहकाची माहिती तिसऱ्या माणसाला द्यायला शाखा सहसा तयार नसते, आणि ते बरोबरच आहे. त्यावर उपाय टेंडरच्या अटीतच करून ठेवायचा. "दिलेल्या बँक कागदपत्रांची पडताळणी टेंडर काढणाऱ्याने थेट शाखेकडे करावी, माझी संमती आहे" असं ठेकेदाराच्या सहीचं पत्र बोलीसोबतच मागायचं. ते विचारणापत्राला जोडलं की शाखेची टाळाटाळ कमी होते. संमती द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर तीही एक माहितीच आहे.

केंद्रीय बांधकाम खात्याच्या मसुद्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. भागीदारी फर्म असेल तर बँकेकडे नोंदलेल्या सगळ्या भागीदारांची नावं दाखल्यात यावीत आणि दाखला बंद पाकिटात टेंडर काढणाऱ्याच्या नावाने असावा. नावं नसतील तर बाहेर पडलेल्या श्रीमंत भागीदाराच्या जोरावर मिळालेला जुना दाखला पुढे चालवता येतो.

सीमाभागात दाखला देणारी संस्था बँक आहे का, हाही प्रश्न येतो. कर्नाटकात सौहार्द सहकारी संस्था आणि महाराष्ट्रात पतसंस्था गावोगावी आहेत. लोक बोलताना त्यांना सर्रास "बँक" म्हणतात. पण या संस्थांना बँकिंगचा परवाना नाही आणि सहकारी संस्थांनी नावात बँक हा शब्द वापरू नये असं रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे बजावलं आहे. टेंडरात "शेड्यूल्ड बँक" लिहिलं असेल, तर सौहार्दचा दाखला अगदी अस्सल असला तरी बाद. नागरी सहकारी बँक ही खरी बँक, पण प्रत्येक नागरी बँक शेड्यूल्ड नसते, तेही यादीत पाहून घ्यावं लागतं.

शाखा "नाही" म्हणाली तर

शाखेने "अशी गॅरंटी आम्ही दिलेली नाही" असं लेखी कळवलं, तर मूळ कागद ठेकेदाराला परत द्यायचा नाही. तो "चुकून झालं, दुसरी आणतो" म्हणेल, मूळ कागद मागेल. तो पुरावा आहे. पाकीट, आवक नोंद, शाखेचं पत्र आणि कागद एकत्र ठेवून ठेकेदाराला खुलासा मागायचा आणि पोलिसांत तक्रार द्यायची. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, बनावट दस्तऐवज केल्याबद्दल ३३६ आणि ३३८, तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४० आहे. सरकारी टेंडर असेल तर काळ्या यादीची कारवाई वेगळी. बँकेलाही कळवायचं, कारण तिच्याच नावाचा दुरुपयोग झालेला असतो.

दर वेळी ठेकेदारच चोर असतो असंही नाही. लहान ठेकेदाराला बँक गॅरंटी देताना रकमेचा काही भाग मार्जिन म्हणून अडकवते, वर तारण मागते. मग कोणीतरी मध्यस्थ भेटतो, "मार्जिन नको, तारण नको, दोन दिवसांत गॅरंटी." सेकीच्या प्रकरणातल्या मध्यस्थ कंपनीने अशा गॅरंट्यांसाठी आठ टक्के कमिशन घेतल्याचं ईडीचं म्हणणं आहे. आपलं ज्या शाखेत खातंच नाही, जिथं आपण एकाही कागदावर सही केली नाही, त्या शाखेची गॅरंटी आपल्या नावे निघूच शकत नाही. तशी कोणी आणून दिली, तर ती टेंडरात लावण्याआधी ठेकेदारानेच त्या शाखेत जाऊन विचारावं. टेंडर उघडल्यावर तीच विचारणा समोरचा करणार आहे आणि तेव्हा गुन्ह्यात नाव मध्यस्थाआधी ठेकेदाराचं येतं.